रेकॉर्डिंगमध्ये नावं सारखी चुकतायत? आधी बघा, चूक आवाज वेगळे करण्यात आहे की ओळखण्यात

आमची सोसायटी भांडुपला, रेल्वे ट्रॅकच्या अगदी बाजूला. महिन्यातून एकदा तळमजल्यावरच्या ऑफिसात कमिटीची मीटिंग होते, सगळ्यांना विचारून टेबलाच्या मधोमध एक फोन ठेवून ती रेकॉर्ड करतो आणि त्यावरून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आहे. दीड-दोन तास परत ऐकत बसणं शक्य नसतं म्हणून मी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर चालवते, तो कोण कधी बोललं याचे तुकडे पाडतो, मी त्याला नावं लावते आणि मग लिहायला बसते. आणि गेले कित्येक महिने नावं चुकत होती. एकदा दुरुस्त केलं की पुढच्या महिन्यात परत, वेगळ्याच ठिकाणी.

हे मला किती लागलं ते सांगते, कारण इतिवृत्तात नाव चुकणं म्हणजे स्पेलिंग चुकण्यासारखं नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव होता, मी लिहिलं अनुमोदक देसाई काकू, आणि चर्चेत "आधी अजून दोन कोटेशन मागवा, मगच ठराव घ्या" हे वाक्य पण देसाई काकूंच्याच नावावर. पुढच्या मीटिंगला मागचं इतिवृत्त वाचून कायम करताना नाईक काकू उठून म्हणाल्या, "अगं, ते मी बोलले होते, माझा विरोध होता, माझं नाव कुठेच नाही." वर्षातून चार वाक्यं बोलणाऱ्या बाई त्या, आणि त्यातलंच एक मी दुसऱ्याच्या नावावर टाकलं. तेव्हा ठरवलं की हा प्रकार मुळापासून समजून घ्यायचा. तुम्ही पण मीटिंग, मुलाखती, आजोबांच्या गप्पा असं काही ओळखीच्या माणसांचं रेकॉर्डिंग करून नावं लावत असाल आणि ती सारखी उलटसुलट होत असतील तर हे वाचा.

सगळ्यात पहिली चूक, जी बहुतेक सगळेच करतात. डायरायझेशनचं, म्हणजे कोण कधी बोललं याचे तुकडे पाडणारं टूल, मी pyannote.audio वापरते, तुकड्यांना SPEAKER_00, SPEAKER_01 असे नंबर देतं. पहिल्या महिन्यात मी ऐकून बघितलं, SPEAKER_00 म्हणजे चेअरमन प्रधान काका, 01 म्हणजे सेक्रेटरी सावंत काका, अशी यादी केली आणि ती फाईल जपून ठेवली, की पुढच्या महिन्यात तीच लावायची. पुढच्या महिन्यात प्रधान काकांची सगळी वाक्यं मोठ्या परबांच्या नावावर. मला वाटलं टूल बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. तो नंबर त्या एका फाईलपुरता असतो. या फाईलमधला 00 आणि त्या फाईलमधला 00 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ट्रेनमध्ये तिसऱ्या सीटवर आज जो बसलाय तोच उद्या असेल असं आपण धरतो का, तसंच हे. टूलला मागच्या महिन्याचं काही आठवतच नाही, आठवायचं त्याचं कामच नाही.

हे कळल्यावर मग खरा फरक डोक्यात बसला. तीन वेगळी कामं आहेत आणि आपण तिन्हीला "आवाज वेगळे करणं" म्हणतो.

एक, डायरायझेशन. म्हणजे या फाईलमध्ये कोण कधी बोललं. इथे प्रश्न एवढाच की हा तुकडा आणि तो तुकडा एकाच माणसाचे आहेत का. त्या माणसाचं नाव काय हा प्रश्नच नाही. म्हणून तर या टूलची अचूकता मोजतात तेव्हा पण टूलने दिलेले नंबर आणि खरे वक्ते यांची सगळ्यात चांगली जुळेल अशी जोडी लावून मगच चूक मोजतात, नावाला त्यात स्थान नाही. दोन, ओळख, स्पीकर आयडेंटिफिकेशन. इथे माझ्याकडे आधीपासून माणसांची यादी आहे, प्रत्येकाच्या आवाजाचा नमुना आहे, आणि प्रश्न असा की हा आवाज यादीतल्या कोणाचा, का कोणाचाच नाही. तीन, दोघं एकाच वेळी बोलत असतील तर मिसळलेला आवाज फाडून दोन स्वतंत्र ट्रॅक काढणं, त्याला सेपरेशन म्हणतात. त्यातून दोन ट्रॅक मिळतात पण कुठला कोणाचा ते तेही सांगत नाही.

माझं काम पहिल्या दोघांचं मिळून होतं आणि मी चूक झाली की दर वेळी भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करत होते. कारण काय होतं, इतिवृत्तात दोन्हीकडच्या चुका अगदी सारख्या दिसतात, "वाक्य एकाचं, नाव दुसऱ्याचं". औषध मात्र वेगळं. म्हणून आता मी काहीही बदलायच्या आधी एक गोष्ट करते. चुकलेलं नाव ज्या नंबरावर आहे त्या नंबराचे पाच-सहा तुकडे फाईलच्या वेगवेगळ्या भागातून काढून कानाने ऐकते. सगळे तुकडे एकाच माणसाचे असतील आणि फक्त नाव चुकीचं असेल तर वेगळं करणं बरोबर झालंय, ओळख चुकली, नमुने तपासायचे आणि नाव लावायला आवाज निदान किती जुळला पाहिजे तो उंबरठा तपासायचा. एकाच नंबरात दोन माणसं ऐकू आली तर ओळखीच्या भागाला हात लावायचा नाही, तिथे कितीही चांगले नमुने दिलेत तरी उपयोग नाही, कारण दोघांना मिळून एकच नाव लागणार. दोन मिनिटांचं काम आहे पण यानेच माझे सगळ्यात जास्त तास वाचले.

आता नाईक काकूंचं काय झालं होतं ते बघू, कारण त्यात ही गल्लत अगदी स्पष्ट दिसते.

त्या दिवशी SPEAKER_03 ला देसाई काकूंचं नाव लागलं होतं, एकूण साधारण ९ मिनिटं. तुकडे ऐकले तर बहुतेक सगळे देसाई काकूंचेच, पण मधेमधे नाईक काकू. म्हणजे ओळखीची चूक नाही, दोन माणसं एका नंबरात गेली. का गेली? कारण मी टूलला सांगितलं होतं की माणसं ७ आहेत. कमिटी सात जणांची आहे ना, मला वाटलं आकडा सांगितला तर बिचाऱ्याचं काम सोपं होईल. पण त्या दिवशी खोलीत वॉटरप्रूफिंगचा कॉन्ट्रॅक्टर पण होता आणि आर्किटेक्ट पण, आणि दोघंही भरपूर बोलले. नऊ आवाज, आणि मी सांगितलं सातच खोके भर. मग त्याने दोन जोड्या एकत्र कोंबल्या. कॉन्ट्रॅक्टर आणि आर्किटेक्ट एका नंबरात, आणि नाईक काकू, ज्या अख्ख्या मीटिंगमध्ये चाळीस सेकंद बोलल्या होत्या, त्या देसाई काकूंच्या नंबरात. कमी बोलणारा माणूस असाच गिळला जातो, त्याच्या आवाजाचे तुकडे इतके थोडे असतात की त्याचा वेगळा गट होत नाही, जवळच्या मोठ्या गटात जातो.

चूक नेमकी कुठे होती बघा. "सात" हा आकडा ओळखीच्या यादीचा होता, माझ्या ओळखीची माणसं सात. आणि मी तो डायरायझेशनला दिला, ज्याला हवा असतो या फाईलमध्ये प्रत्यक्ष बोललेल्या आवाजांचा आकडा. यादीतले दोघं गैरहजर असू शकतात, बाहेरचे तिघं आलेले असू शकतात, चहा घेऊन आलेला मुलगा दोन वाक्यं बोलून जाऊ शकतो. हे दोन आकडे कधीतरी योगायोगाने जुळतात, आणि जुळतात तेव्हा सगळं छान चालतं, म्हणूनच तर ही चूक महिनोन् महिने लक्षात आली नाही, पाहुणे असले की बिघडायचं आणि नसले की बरोबर यायचं.

आता मी ठाम आकडा न देता रेंज देते, आणि वरची बाजू मुद्दाम सैल ठेवते, इथे pipeline म्हणजे pyannote ची आधीच लोड करून ठेवलेली पाइपलाइन:

```python
out = pipeline("sabha.wav", min_speakers=5, max_speakers=12)
```

सैल ठेवल्यावर कधीकधी उलटं होतं, एकाच माणसाचे दोन नंबर पडतात. त्याच मीटिंगची फाईल परत चालवली तेव्हा सावंत काकांचे दोन झाले, एक खुर्चीत बसून बोलतानाचा आणि एक मागच्या कपाटातून फाईल शोधता शोधता बोलतानाचा, लांबून आणि पाठमोरा. पण याची मला अजिबात काळजी नाही. का, तर ओळखीच्या पायरीवर दोन्ही नंबरांना "सावंत काका" हेच नाव लागलं की ते आपोआप परत एक होतात. एकाचे दोन झाले तर नंतर जोडता येतं, दोघांचा एक झाला तर नंतर आपोआप फुटत नाही. म्हणून ज्याच्याकडे ओळखीची यादी आहे त्याने डायरायझेशन जरा जास्तच तुकडे पाडेल असं ठेवावं असं माझं स्पष्ट मत झालंय. फक्त एक पथ्य, नावं लावताना "एका नावाला एकच नंबर" असा नियम घालू नका. मी सुरुवातीला घातला होता, त्यामुळे सावंत काकांचा दुसरा नंबर उरलेल्या कोणातरी दुसऱ्याच्या गळ्यात पडायचा.

आता ओळखीची पायरी. यात प्रत्येक तुकड्यातून आकड्यांची एक ओळ काढतात, मी तिला ठसा म्हणते. मी speechbrain नावाच्या पायथन लायब्ररीमधलं ECAPA-TDNN मॉडेल वापरते, त्यात ठसा १९२ आकड्यांचा असतो. ठसा म्हणतेय खरं पण अंगठ्याच्या ठशाइतका पक्का समजू नका, सर्दी झाली, चिडून बोललं, फोन लांब गेला की तो हलतो. दोन ठशांची दिशा किती जुळते ते मोजायचं, जुळणी १ च्या जितकी जवळ तितका आवाज सारखा.

```python
import torchaudio
from speechbrain.inference.classifiers import EncoderClassifier

model = EncoderClassifier.from_hparams(
    source="speechbrain/spkrec-ecapa-voxceleb")

def thasa(path, start, end):
    wav, sr = torchaudio.load(path)
    tukda = wav[:, int(start * sr):int(end * sr)]
    e = model.encode_batch(tukda).squeeze()
    return e / e.norm()
```

दोन ठसे असे काढले की `(a * b).sum()` म्हणजे त्यांचा स्कोअर. फाईल आधी १६ किलोहर्ट्झ, एकच चॅनल अशी करून घ्या, हे मॉडेल त्याच आवाजावर शिकलंय, आणि वरच्या कोडमध्ये मी ते बदलून घेत नाही:

```
ffmpeg -i sabha.m4a -ac 1 -ar 16000 sabha.wav
```

हे केलं नाही तर एरर येत नाही, नुसते स्कोअर गंडतात, आणि एरर न देता गंडणारी गोष्ट शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

फाईल सैल रेंजने परत चालवल्यावर नऊ जण नीट वेगळे झाले. नाईक काकूंना स्वतःचा नंबर मिळाला आणि नाव पण बरोबर लागलं. पण कॉन्ट्रॅक्टरच्या नंबराला नाव लागलं "सावंत काका"! म्हणजे आमचे सेक्रेटरी स्वतःच कोटेशन देतायत आणि स्वतःच भाव कमी करायला सांगतायत असं इतिवृत्त झालं असतं. आता इथे तुकडे ऐकले तर सगळे कॉन्ट्रॅक्टरचेच, म्हणजे यावेळी वेगळं करणं बरोबर, ओळख चुकली. कारण माझा कोड यादीतला सगळ्यात जास्त स्कोअरवाला माणूस उचलत होता, आणि सात जणांत कोणीतरी एक जण सगळ्यात वर असणारच, कॉन्ट्रॅक्टर यादीत नसला तरी. "यातला कोण" हा एक प्रश्न आहे आणि "यातला कोणी आहे का" हा वेगळा. घरच्या मुलाखतीत समोर दोनच माणसं असतात तेव्हा पहिला प्रश्न पुरतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाही पुरत, दुसरा आधी विचारावा लागतो.

त्यासाठी उंबरठा लागतो, याच्या खाली स्कोअर असेल तर नाव नाही, "इतर" लिहायचं. speechbrain च्या पडताळणीच्या फंक्शनमध्ये ०.२५ हा आकडा आधीपासून घातलेला आहे, मी तोच घेतला आणि फसले. आमच्या ऑफिसात वेगवेगळ्या दोन माणसांचा आपापसातला स्कोअरच कित्येकदा ०.३० च्या पुढे जातो. खोली तीच, वरचा खडखडणारा पंखा तोच, फोन तोच, त्यामुळे आवाजाबरोबर खोलीचं साम्य पण ठशात थोडंफार उतरतं आणि सगळेच एकमेकांसारखे वाटायला लागतात. शिवाय ते मॉडेल VoxCeleb नावाच्या संग्रहावर शिकलंय, युट्यूबवरच्या नामवंतांच्या मुलाखतींवर, म्हणजे बराचसा जवळच्या माइकसमोरचा आवाज. आमच्या टेबलावरच्या फोनचं जग वेगळं. म्हणून उंबरठा दुसऱ्याचा उसना घ्यायचा नाही. एका मीटिंगचे तुकडे मी एकदाच कानाने ऐकून बरोबर नावं लावली, मग त्याच माणसाचे स्कोअर एका बाजूला आणि वेगळ्या माणसांचे स्कोअर दुसऱ्या बाजूला लिहून काढले. एक संध्याकाळ गेली पण त्याशिवाय आपला उंबरठा कळत नाही.

आणि त्यात दिसलं की नुसता उंबरठा पण पुरणार नाही. कॉन्ट्रॅक्टरचा सावंत काकांशी स्कोअर ०.३८. आणि कपाटाजवळून लांबून बोलणाऱ्या खऱ्या सावंत काकांचा स्वतःच्याच नमुन्याशी स्कोअर ०.४१. या दोघांच्या मधे रेघ कुठे मारणार? ०.४० ला मारली तर आज जमेल आणि पुढच्या महिन्यात पंख्याचा स्पीड वाढला की मोडेल. पण स्कोअरमध्ये दुसऱ्या क्रमांकावर कोण आहे ते बघितलं तेव्हा चित्र उघड झालं. कॉन्ट्रॅक्टर, सावंत काका ०.३८, त्याच्या खालोखाल प्रधान काका ०.३५, म्हणजे तो सगळ्यांशीच थोडा थोडा जुळतोय, कोणाशीच नीट नाही. खरे सावंत काका ०.४१ आणि त्यांच्या खालोखालचा माणूस ०.२२. लांबून बोलल्याने त्यांचा स्वतःशी स्कोअर पडला तसा बाकीच्यांशी पण पडला, अंतर तसंच राहिलं. म्हणून आता माझी अट दोन गोष्टींची आहे, स्कोअर ०.३५ च्या वर आणि पहिल्या-दुसऱ्यात निदान ०.१० चं अंतर, दोन्ही पाळलं तरच नाव. हे माझ्या खोलीचे आकडे आहेत, तुमच्या खोलीचे तुम्हीच काढायचे.

आता नमुन्यांबद्दल, कारण इथे पण मी एक मोठी चूक केली होती. सुरुवातीला सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर सांगितलं की अर्धा मिनिट काहीही बोलून व्हॉइस नोट पाठवा. पटकन झालं काम, सात जणांचे सात नमुने. आणि ओळख भयंकर वाईट. व्हॉइस नोटमध्ये माणूस फोन तोंडाशी धरून, शांत खोलीत, जरा सावरून बोलतो, वर तो आवाज दाबून लहान केलेला असतो, आणि मीटिंगमध्ये तोच माणूस सहा फुटांवरून, पंख्याखाली, तावातावाने बोलतो. सगळ्यांचेच स्कोअर खाली आले आणि सगळ्यात वाईट म्हणजे सारखे खाली आले नाहीत, मोठ्या आवाजाच्या प्रधान काकांचे कमी पडले आणि हळू बोलणाऱ्यांचे पार कोसळले. आता नमुने मी मीटिंगमधूनच घेते. दोन वेगवेगळ्या मीटिंगमधून, प्रत्येक माणसाचे पाच ते दहा सेकंदांचे सहा-सात तुकडे, ज्यात तो एकटा बोलतोय आणि मागे गाडी जात नाहीये, सगळ्यांचे ठसे काढून सरासरी. एकाच मीटिंगमधले सगळे तुकडे घेतले तर त्या दिवसाची सर्दी, त्या दिवसाची खुर्ची पण नमुन्यात जाते. हे नमुने मी माझ्याच लॅपटॉपवर ठेवलेत, कमिटीला तसं सांगितलंय, आणि कोणी कमिटी सोडली की त्याचा नमुना पुसायचा असं ठरलंय.

भाषेचं काही जणांनी विचारलं होतं. फर्नांडिस अंकल हिंदी-इंग्रजीत बोलतात, बाकीचे मराठीत, मधेच सगळेच हिंदीत जातात. ठसा शब्दांचा नसतो, गळ्याचा आणि बोलण्याच्या ढबीचा असतो, त्यामुळे भाषा बदलली तरी ओळख टिकते, थोडा फरक पडतो इतकंच. माझ्याकडे भाषेमुळे चुकलेलं असं एकही उदाहरण नाही, फोनपासूनच्या अंतरामुळे आणि गोंगाटामुळे चुकलेली ढीगभर आहेत.

यानंतर पण काही चुका उरल्या आणि त्या बहुतेक छोट्या तुकड्यांच्या. "हो", "बरोबर", "नाही नाही". अर्ध्या-एक सेकंदात ठसा काढायला पुरेसा आवाजच नसतो, स्कोअर कुठेही उडतो. त्यामुळे मी प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव लावत नाही, एका नंबराचे सगळे तुकडे घेऊन, त्यातले तीन सेकंदांपेक्षा मोठे तेवढेच वापरून, एक सरासरी ठसा काढते आणि नाव त्या अख्ख्या नंबराला लावते. मग "हो" ला पण त्याच नंबराचं नाव मिळतं.

पण थांबा, नाईक काकू आठवतात ना? सरासरीत हाच धोका आहे. त्यांचे चाळीस सेकंद देसाई काकूंच्या नऊ मिनिटांत विरघळून गेले होते, सरासरी ठशाचा देसाई काकूंशी स्कोअर ०.६६ आला होता, म्हणजे वरवर बघितलं तर एकदम पक्कं. म्हणून नाव सरासरीवरून लावायचं पण नंतर प्रत्येक मोठा तुकडा त्या नावाशी एकेकटा परत ताडून बघायचा. मी जुनी, चुकलेली फाईल मुद्दाम अशी तपासली. SPEAKER_03 चे बहुतेक तुकडे देसाई काकूंशी ०.५५ ते ०.७०, आणि पाच तुकडे अचानक ०.२४ ते ०.३१, आणि तेच पाच तुकडे नाईक काकूंशी ०.५० च्या वर. म्हणजे पुरावा तेव्हाही फाईलमध्येच होता, मी सरासरी बघून पुढे गेले. आता एखाद्या नंबरात असे दोन घोळके दिसले की कोड मला त्या तुकड्यांची वेळ छापून देतो आणि मी जाऊन ऐकते. हे एक तपासणं तुम्ही घेतलंत तरी या पोस्टचं काम झालं, कारण वेगळं करण्यातली चूक ओळखीच्या पायरीवर पकडायचा मला सापडलेला हाच एक मार्ग आहे.

दोघं एकदम बोलतात तेव्हा काय, असं पण विचारतात. आमच्याकडे पार्किंगचा विषय निघाला की चौघं एकदम बोलतात. मिसळलेल्या तुकड्याचा ठसा पण मिसळलेला निघतो, दोघांशीही अर्धवट जुळतो, एकेकटा ताडताना अंतराची अट मोडते आणि नाव लागत नाही, जे बरोबरच आहे. सेपरेशन करून ट्रॅक फाडून बघितले, पण फाडलेल्या आवाजात एक विचित्र खरखर राहते आणि आमच्या फोनच्या रेकॉर्डिंगवर तरी त्याचे स्कोअर भरवशाचे आले नाहीत. इतिवृत्तासाठी मी तो नाद सोडला, "एकत्र चर्चा झाली" लिहिते, आणि अशा तुकड्यांतून नमुना तर कधीच घेत नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे मी मशीनवर सोडत नाही. मोठे परब आणि धाकटे परब, सख्खे भाऊ, दोघंही कमिटीत. धाकट्या परबांचा तुकडा स्वतःच्या नमुन्याशी ०.५८ आणि मोठ्या भावाशी ०.५२. अंतर ०.०६, म्हणजे माझ्या अटीत बसत नाही. मी अट तेवढी सैल केली तर कॉन्ट्रॅक्टरसारखा बाहेरचा कोणीतरी परत आत यायची भीती. म्हणून परबांसाठी कोड "परब, नक्की नाही" एवढंच लिहितो आणि ते तुकडे मी कानाने ऐकते, बऱ्याचदा वाक्यावरूनच कळतं, मोठे परब बी विंगच्या लिफ्टशिवाय दुसरं बोलत नाहीत. आणि ठरावाचा सूचक आणि अनुमोदक हे दोन तुकडे, कोणाचेही असोत, स्कोअर कितीही चांगला असो, मी प्रत्यक्ष ऐकूनच लिहिते. नाईक काकूंचा विरोध दुरुस्तीसह इतिवृत्तात नोंदवला, त्यांनी वाचून सही केली.

राहिलं एक. मागच्या दोन मीटिंगला फर्नांडिस अंकल गावाहून साध्या कॉलवर स्पीकरफोनने हजर होते आणि त्यांचे सगळे तुकडे "इतर" मध्ये गेले. HD नसलेल्या साध्या फोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो, वरचा सगळा आवाज कापला जातो, त्यामुळे खोलीत बसलेल्या अंकलच्या नमुन्याशी तो जुळेना. मी त्यांचा फोनवरचा दुसरा नमुना वेगळा ठेवला, यादीत आता "फर्नांडिस" आणि "फर्नांडिस फोन" असे दोन आहेत आणि दोन्हीला नाव एकच. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर मोजताना मात्र हे दोन एकच माणूस धरा, नाहीतर पहिला अंकल आणि दुसरा पण अंकलच, अंतर कमी, आणि कोड म्हणणार नक्की नाही. मी हे विसरले होते आणि एक अख्खी रात्र त्यात गेली.